पत्रातला चौथा प्रश्न

आमच्या ह्यांना जे काही होतं ते पित्तानंच होतं. गुडघा धरला, पित्त. झोप लागली नाही, पित्त. जावयानं दोन महिन्यांत फोन केला नाही म्हणून चिडले, तरी म्हणणार, "पित्त खवळलंय गं." लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, त्यातली निम्मी मी ह्या पित्ताबरोबर संसार केलाय असं म्हटलं तरी चालेल.

नाव एकदाच घेते, पुन्हा घ्यायला लावू नका: कृष्णात. वय चौऱ्याहत्तर. पस्तीस वर्षं तमिळनाडूत सेलमला सोन्याच्या गलाईचं दुकान चालवलं. जुने दागिने मुशीत, म्हणजे मातीच्या भांड्यात, घालून भट्टीवर वितळवायचे, तेजाबात घालून त्यातलं तांबं-चांदी काढायचं आणि चोख सोनं हातात द्यायचं, हा तो धंदा. आमच्या विट्याकडची निम्मी गावं ह्यावरच उभी आहेत. आता दुकान आमचा मुलगा शंभूराज बघतो आणि आम्ही दोघं विट्याला घरी असतो. मी रंगुबाई, माहेर वाई. तिथं सातवीपर्यंत शिकले म्हणून हे मला अजून 'वाईची मास्तरीण' म्हणतात. घरात काहीही वाचायचं असलं की मास्तरीण आठवते, एरवी नाही.

डोकं दुखायला लागलं ते फेब्रुवारीत. झोपेतून उठले की दोन्ही हातांनी डोकं धरून पलंगावर बसायचे. तोंडातून शब्द निघायचा नाही. मग मोरीत जायचे, तांब्याभर कोमट पाण्यात मीठ घालून घटाघटा प्यायचे आणि घशात बोटं घालून ओकायचे. ओकून आले की तोंड पुसत म्हणायचे, "पडलं बघ पित्त. आता हलकं वाटतंय." आणि खरंच वाटायचं! नऊ वाजेपर्यंत माणूस चहा पिऊन पेपर उघडून बसलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे पुढे मिठाचं पाणीही लागेना, आपोआपच उलटी व्हायची. मेडिकलमधून पित्ताची कॅप्सूल आणली, डोकेदुखीची गोळी आणली. अडीच वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवलाय, त्याची रक्त पातळ ठेवायची गोळी होतीच. पोटात गोळ्यांचीच भाजी होत होती म्हणा ना.

मी म्हणायचे, "आवं, डॉक्टरला दाखवूया."

"पित्ताला डॉक्टर? गावात सांगू नकोस, हसतील लोकं."

आता मला जे सांगायचंय ते सांगते, कारण ते लपवलं तर पुढचं काही कळायचं नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं लुनावरून पडलो होतो. लुना चालवायची नाही, असं शंभूनं दिवाळीला बजावलं होतं. किल्लीसुद्धा सेलमला घेऊन गेला. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन दुसरी किल्ली करून आणली, आणि मी, माझीही अक्कल काय सांगू, मागे बसून भाजीला जायला लागले. चांगलं वाटायचं हो. म्हातारपणी नवऱ्याच्या मागे गाडीवर बसायला मला आवडायचं. नव्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि आडवी झाली. माझं कोपर सोलवटलं. ह्यांचं डोकं उजव्या अंगानं रस्त्याच्या कडेच्या दगडाला टणकन लागलं. रक्त नाही, काही नाही, कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ. ह्यांनी धोतर झटकलं, गाडी उभी केली, आणि तिथंच माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. पडल्यालं कुणाला सांगायचं न्हाई. शंभूला तर न्हाईच न्हाई."

कारण मला माहीत होतं. दिवाळीत शंभू जाताना म्हणाला होता, "आता एकदा जरी कुठं पडलात ना आप्पा, तर घराला कुलूप आणि दोघंही सेलमला." सेलमला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. ह्यांनी पस्तीस वर्षं तिथं भट्टीसमोर घालवली ती विट्याला परत यायच्या ओढीनं. तिकडं पुन्हा जायचं म्हटलं की ह्यांचा चेहरा पडायचा. आणि खोटं कशाला बोलू, मलाही जायचं नव्हतं. म्हणून शपथ गिळली आणि गप्प बसले. नवऱ्याच्या गळ्याची शपथ मोडली तर नवरा जातो, हे आमच्यात पोरीला बोलता यायच्या आधीपासून माहीत असतं.

टेंगूळ आठवड्यात उतरलं. आम्ही दोघंही विसरलो. डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर चार आठवड्यांनी, त्यामुळे त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही. मार लागला की लागल्यावर दुखतं, महिन्यानं कशाला दुखेल?

पण मार्चमध्ये मला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. चालताना ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि ह्यांना पत्ताच नसायचा. एका पायात चप्पल घालून हे पुढं, आणि मी मागून दुसरी उचलून आणतेय. सदऱ्याची बटणं वरखाली लागायची. एकाच सकाळी मला तीनदा विचारलं, "दूधवाला येऊन गेला का?" मी घाबरले. शंभूला फोन केला आणि डोकेदुखी, उलटी, चप्पल, सगळं सांगितलं. पडल्याचं सोडून. तेवढं घशाशी आलं आणि परत फिरलं.

शंभूनं ह्यांना फोन केला. ह्यांनी "बरं हाय, ठेव" म्हणून ठेवला. पुन्हा केला, पुन्हा "ठेव." तिसऱ्यांदा तर मोबाइल माझ्याच हातात दिला, "रेंज न्हाई म्हणून सांग." आणि आठ दिवसांनी, काय आश्चर्य, पोस्टमन दारात! आमच्याकडं आता लग्नपत्रिकासुद्धा मोबाइलवर येतात, आणि शंभूचं चार पानी पत्र.

हे नुकतेच ओकून येऊन भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "वाच, मास्तरीण. माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं पळत्यात."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"आप्पा, वर मायना घातला नाही, कारण मायन्यात साष्टांग नमस्कार घालून आत भांडायचं मला पटत नाही. फोनवर तुम्ही 'ठेव' म्हणता. कागद ठेवून दिलात तरी आई उचलून पुन्हा वाचेल, म्हणून कागदावर लिहितोय. आईवर चिडू नका, तिनं मला सांगितलं ते बरं केलं."

हे माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. मी पत्रात डोकं घालून पुढं वाचलं.

"आपल्या दुकानात दागिने दाखवायला येणारे एक डॉक्टर आहेत, मेंदूचे. परवा त्यांना चहा पाजून अर्धा तास बसवून घेतलं आणि तुमचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं डोकं आयुष्यात कधी असं दुखलं नाही आणि आता रोज सकाळी दुखतं, तर त्याला घरच्या घरी नाव द्यायचं नाही. मी विचारलं, सकाळीच का? त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. आपण उभे असतो तेव्हा डोक्यातलं रक्त वजनानं खाली उतरतं. रात्रभर आडवं पडल्यावर तेवढं उतरत नाही. झोपेत श्वासही मंद होतो, त्यानं डोक्यातल्या शिरा जराशा फुगतात. चांगल्या माणसाला हे कळतसुद्धा नाही. पण कवटीच्या आत काही जास्तीचं साठलं असेल तर? कवटी हाडाची, ती ताणत नाही. पहाटे आत दाब वाढतो, डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी होते. मग तुम्ही उठता, बसता, दाब उतरायला लागतो आणि बरं वाटतं. तुम्हाला वाटतं, ओकलो म्हणून बरं वाटलं. आप्पा, उठून बसल्याचं श्रेय तुम्ही पित्ताला देताय.

"तेच असेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. साधंही असू शकतं. पहाटे बी. पी. वाढत असेल. घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, त्यानंही सकाळी डोकं जड होतं. रोज डोकेदुखीची गोळी खाल्ली तर त्या गोळीचीच डोकेदुखी लागते, हे मला नवीन होतं. किंवा कानशिलाची शीर सुजलेली असेल. ह्यातलं कुठलं, हे बघितल्याशिवाय मलाही कळत नाही आणि तुम्हालाही.

"डॉक्टरांनी पाच प्रश्न लिहून दिलेत. उत्तरं मला नकोत. हा कागद घेऊन सांगलीला जा आणि तिथल्या डॉक्टरांना खरी उत्तरं द्या. एक, खोकताना, वाकताना, संडासला जोर करताना डोकं जास्त दुखतं का? दोन, जेवताना जबडा भरून येतो का, नजर मध्येच अंधारते का? तीन, हातापायात एका बाजूला ताकद कमी वाटते का? आईनं सांगितलं, डाव्या पायातली चप्पल निसटते. चप्पल सैल झाली म्हणू नका, उजवी का निसटत नाही? चार, गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला कुठं मार लागला होता का, अगदी किरकोळ, चौकट लागली, घसरून..."

मी तिथंच थांबले.

"पुढं वाच," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"आवं, पण हे..."

"पुढं वाच म्हटलं ना."

मी ओळ सोडून पुढं गेले नाही. घसा खाकरला आणि होती तशी वाचली.

"...घसरून पडलात, गाडीवरून पडलात, काहीही. रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूवर त्यानं हळूहळू रक्त पाझरतं. तेव्हा काही कळत नाही, तीन-चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी डोकं दुखायला लागतं. वेळेत कळलं तर हे बरं होतं. वेळ गेली तर माणूस झोपेतून उठतच नाही. पाच, गोळ्या कुठल्या कुठल्या घेता? सगळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्यांचीसुद्धा.

"आप्पा, मी तुमच्याच हाताखाली शिकलो. गिऱ्हाईक आपल्यासमोर बांगडी ठेवून म्हणायचं, आईशप्पथ बावीस कॅरेट आहे. तुम्ही काय म्हणायचा? 'शपथ राहू दे तुझ्यापाशी, मुशीत घाल, मग बोलू.' नुसत्या डोळ्यानं कस सांगणाऱ्याला तुम्ही दुकानात उभं करत नव्हता. मग स्वतःचं डोकं तेवढं तोंडाच्या बोलीवर पित्त म्हणून पास करताय, हे कसं? पित्त निघालं तर मी पुढच्या गाडीनं येतो आणि गावासमोर कान धरतो. पण आधी मुशीत घाला. मला तुमची भीती वाटतेय, आप्पा. तुमच्यावर ओरडायला तुम्ही असायला पाहिजे. तुमचा शंभू."

मी चष्मा काढला. डोळे पुसले. ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घातली.

मग म्हणाले, "बोलतंय बेणं बरोबर." आणि जरा हसले. "चल, मुशीत घालू. उद्या सांगली." मी देवाला हात जोडले, तोवर ह्यांनी बोट उगारलं. "पण पडल्याचं काढायचं न्हाई. डॉक्टर शंभूला फोन करंल. शपथ हाय ध्यानात?"

"आवं, त्यांनी तेच तर विचारलंय!"

"टेंगूळ कवाच गेलं. त्याचा काय संबंध? सेलमच्या खुराड्यात मरायचं का मला?"

हे असं आहे बघा. पोरानं चार पानं लिहून दारापर्यंत आणलं, आणि ह्यांनी नेमकी कामाची ओळ तेवढी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ऋषिराजच्या गाडीनं तासगावमार्गे सांगलीला गेलो. रस्त्यात दोनदा उलटी. विश्रामबागेतल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर सुमैरा मुलाणींची चिठ्ठी काढली. तरुण बाई, पण घाई नाही. मी शंभूचा कागद आणि गोळ्यांची पिशवी पुढं ठेवली. त्यांनी पत्रातले प्रश्न ओळीवर बोट ठेवून वाचले आणि एकेक करून विचारले.

"वाकल्यावर दुखतं का, काका?"

"जरासं."

"जबडा? नजर?"

"न्हाई."

"डोक्याला मार?"

"छ्या. डोक्याला काय मार लागतोय. पित्त हाय, डॉक्टर. पोरगं उगा घाबरतंय."

मी पदराची घडी करत बसले आणि उघडत बसले.

डॉक्टरांनी बी. पी. बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारून आतून तपासलं, कानशिलं दाबली. मग म्हणाल्या, "दोन्ही हात पुढं करा, तळवे वर, ताटात काही घ्यायचंय असे. आता डोळे मिटा." मी बघत होते. उजवा हात तसाच राहिला. डावा हात हळूहळू आत वळला आणि खाली यायला लागला. ह्यांना कळलंच नाही. डोळे मिटून ऐटीत बसलेले, जणू दोन्ही हात सरळच आहेत. मला तिथंच रडू फुटायचं बाकी होतं.

"काका, डोक्याचा सी. टी. स्कॅन आजच करून घ्या," त्या म्हणाल्या.

"आज न्हाई. पुढच्या आठवड्यात बघू. पित्ताची चांगली गोळी तेवढी द्या."

"डाव्या हातात जरा कमजोरी आहे. मी थांबा म्हणेन."

"उशाखाली हात आला आसंल." आणि उठलेच! "चल गं." दाराकडं निघाले. डावी चप्पल टेबलाखालीच राहिली. एका पायात चप्पल घालून माझा नवरा दारापर्यंत गेला, आणि त्याला ते कळलं नाही.

डॉक्टर जबरदस्ती थोडीच करणार? माणूस शुद्धीत आहे, नको म्हणतोय. गाडीत बसून आम्ही विट्याला जाणार. उद्या सकाळी पुन्हा ओकणार, परवा पुन्हा. आणि एखाद्या सकाळी मी हाक मारीन आणि हे उठणार नाहीत. शपथ पाळली तरी जाणार, मोडली तरी जाणार म्हणतात. मग देवा, मी मोडून बघते.

"पडले होते," मी म्हणाले.

हे दारात वळले. "रंगू!"

"डॉक्टर, लुनावरून पडले. संक्रांतीनंतर. दोन महिने झाले. इथं, उजव्या कानाच्या वर दगड लागला. टेंगूळ आलं होतं. मला गळ्याची शपथ घातली होती, म्हणून पोराला पण सांगितलं नाही. मोडली आता मी. काय व्हायचं ते होऊ दे."

एवढं बोलून मी खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडले. हे तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यात मी ह्यांचं ऐकलं नाही असं चारचौघांत पहिल्यांदाच झालं.

डॉक्टर उठल्या, त्यांनी चप्पल उचलून ह्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, "काका, आता पुढच्या आठवड्याची गोष्ट नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी, वर ही दुखण्याची गोळी, तीही रक्त पातळ करते, आणि डोक्याला मार. आपण आत्ताच खाली स्कॅनला जातोय." हे निमूट चाकाच्या खुर्चीत बसले आणि वॉर्डबॉयनं ढकलत नेलं.

स्कॅनला पाच मिनिटंही लागली नाहीत. फोटो काचेवर लावून मेंदूच्या सर्जननी मला दाखवला. कवटीच्या आत उजव्या बाजूला करड्या रंगाची जाड कोर होती, कलिंगडाच्या फोडीसारखी. "हे जुनं रक्त. मेंदूच्या वर हळूहळू साठलंय. आणि ही मधली रेघ सरळ पाहिजे, ती बघा किती डावीकडं सरकलीय. उजवी बाजू दबली की डावा हात, डावा पाय कमजोर होतो." मला फार कळलं नाही, पण रेघ वाकडी आहे हे कुणालाही दिसलं असतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती पातळ ठेवायची गोळी बंद केली, रक्त तपासलं. सर्जननी समजावून सांगितलं, कवटी उघडायची नाही, उजव्या बाजूला बोटाच्या पेराएवढी दोन भोकं पाडायची, साठलेलं रक्त सलाईननं धुऊन काढायचं आणि उरलेलं निथळायला एक नळी ठेवायची. जागा बधिर करूनच होतं. "ह्या वयात धोका शून्य नसतो. पुन्हा साठण्याची शक्यताही थोडी असते. पण ह्या ऑपरेशनातून माणसं बहुतेक बरी होतात, आजी." मी शंभूला फोन करून एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी ऑपरेशन आहे, डोक्यात रक्त साठलंय, ये." कसं साठलं ते विचारलं, तेव्हा मी फोन ठेवला. ठेवायला मीही ह्यांच्याकडूनच शिकले.

सकाळी ह्यांना आत नेताना ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. रागानं की कशानं, देव जाणे. दार बंद झालं आणि मी बाकावर बसले. मनात दुसरं काही येतच नव्हतं. हे गेले तर लोक म्हणतील डोक्यात रक्त साठलं. मी म्हणेन, मी शपथ मोडली. उरलेलं आयुष्य मी हेच म्हणत बसणार. शिकलेली असून असं काय बोलते म्हणाल, पण हात त्यांच्या गळ्यावर माझा होता, तुमचा नव्हता. एकदा वाटलं, बोलले नसते तर बरं. लगेच टेबलाखालची ती चप्पल आठवली आणि वाटलं, शंभरदा बोलेन.

तासाभरानं सर्जन बाहेर आले. "जुन्या इंजिन ऑइलसारखं निघालं, भरपूर. दबलेला मेंदू वर यायला लागलाय. बोलतायत. दोन दिवस सपाट झोपवायचं, उशी नाही." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी धरलं.

दुपारी शंभू आला, बंगळूरवरून बसनं, दाढी वाढलेली, डोळे लाल. सर्जनना भेटून माझ्याकडं आला तो तरातरा. "आई, लुनावरून पडले होते? आणि तू मागं बसली होतीस? मला नुसतं चप्पल, बटणं सांगत होतीस! मी चौथा प्रश्न कशासाठी लिहिला होता?" मी खाली मान घालून उभी राहिले. पोराचं काही चुकलं नव्हतं.

अतिदक्षता विभागात दोघांनाच सोडलं, पाच मिनिटं. हे सपाट पडलेले, डोक्याला पांढरं बँडेज, कानाशेजारून नळी खाली पिशवीत गेलेली, त्यात काळपट पाणी. शंभूनं ह्यांच्या कपाळाला हात लावला. आणि तोंड माझ्याकडं वळवून दबक्या आवाजात पुन्हा सुरू झाला, "एकदा तरी सांगायचंस, आई, एकदा तरी..."

"शंभ्या."

ह्यांचा आवाज बारीक होता, पण नेहमीचाच.

"तिला काय बोलू नकोस. पडलो मी. किल्ली मी करून आणली. तिला शपथ घालून गप बसवली मी. डॉक्टरासमोर खोटं बोललो मी." मध्येच थांबले. श्वास घेतला. "हिनं तोंड उघडलं म्हणून, न्हाईतर मी काल विट्याला गेलो आसतो. आन् तुला सेलमला न्यायचंय तर ने. मी न्हाई म्हणणार न्हाई. पण हिला बोलायचं न्हाई."

एक्कावन्न वर्षांत हा माणूस 'माझं चुकलं' असं म्हणालेला मी ऐकला नव्हता. सोन्यात खोट निघाली तर भट्टीला दोष, जेवणात मीठ जास्त झालं तर पित्ताला दोष. आता पोरासमोर, नर्ससमोर, दोन परक्या पेशंटांसमोर पडल्या पडल्या सगळं स्वतःवर घेतलं. पोरगं खिडकीकडं तोंड करून उभं राहिलं.

मी म्हणाले, "आवं, जास्त बोलू नका. डोकं दुखंल."

"न्हाई दुखत," हे म्हणाले. "सकाळपासून न्हाई दुखलं."

नर्स आली, "झाली वेळ, चला बाहेर." शंभू निघाला. मी निघाले तर मागं ओढ लागली. बघते तर ह्यांनी माझा पदर मुठीत धरलेला. डाव्या हातानं. घट्ट.

"आजी, चला ना."

"येते हो बाई," मी म्हणाले, "पण ह्यांनी सोडायला पाहिजे."